मुदत लिहिताना बाय की अंटिल?

मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’च म्हणतो, म्हणून इंग्रजी मेल लिहिताना हात अडखळतो. वाचणाऱ्याचं काम मात्र पार बदलतं.

‘सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे’: एकदाच पाठवायचा, बुधवारी पाठवला तरी काम संपलं. ‘सेंड रिपोर्ट्स अंटिल फ्रायडे’ वाचणारा शुक्रवार येईतो पाठवतच राहील.

उलटी चूक जास्त महागात पडते. फाइलची लिंक शुक्रवारी बंद होणार असताना ‘अव्हेलेबल बाय फ्रायडे’ लिहिलं, तर फाइल अजून तयार व्हायची आहे असं समजून समोरचा थांबतो आणि सोमवारी त्याला बंद लिंक मिळते. इथे अंटिलच हवं.

एकदा उरकायच्या कामाला बाय, सोबत वेळही लिहा: ‘बाय फाइव्ह पीएम, फ्रायडे’. चालू ठेवायच्या किंवा रोखून धरायच्या गोष्टीला अंटिल: ‘डोन्ट पे अंटिल फ्रायडे’.