मागे राहिलेल्या पिशवीचा इशारा: चटकन ओरडणारा टॅग घ्यावा की सावकाश सांगणारा?

मी यवतमाळ जिल्ह्यात एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. रोज चाळीसेक दुकानं, मंगळवारी आठवडी बाजार, आणि खांद्याला एक पिशवी. तिच्यात पावतीचं मशीन, वही आणि संध्याकाळपर्यंत जमलेली रक्कम. ती कुठे राहू नये म्हणून गेल्या वर्षी पिशवीत ब्लूटूथचा टॅग टाकला. फोनपासून टॅग लांब गेला की फोन वाजायचा.

एका मंगळवारी भाजीवाल्या बाईंच्या काट्याशेजारी पिशवी टेकवली, पैसे घेतले, मशीनवरची पावती फाडून दिली, मशीन पिशवीत ठेवलं आणि गाडीला किक मारून निघालो. वेशीच्या आतच खिशात फोन वाजला. बाहेर न काढताच वरचं बटण दाबून तो गप्प केला, कारण त्या आठवड्यात तो रोज दोन-तीनदा असाच वाजला होता आणि दर वेळी पिशवी जवळच होती. चार किलोमीटरवरच्या गावात पोचल्यावर खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. परत आलो तर बाईंनी पिशवी गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. "मी आवाज देला भाऊ, तुम्ही काही आयकलंच नाही," त्या म्हणाल्या. टॅगनेही आवाज दिलाच होता.

त्यानंतर मी एकाच पिशवीत दोन तऱ्हेचे टॅग ठेवून महिनाभर दोघांची नोंद वहीच्या मागच्या पानावर लिहिली. आमच्याकडचे आणखी दोन एजंट आता टॅग घ्यायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी आणि अशाच कामातल्या इतरांसाठी ही तुलना.

दोघांची रीत वेगळी

पहिली तऱ्हा स्वस्तातली, साधारण हजार रुपयांच्या आतली. टॅग आणि अँड्रॉइड फोन ब्लूटूथने जोडलेले राहतात आणि कंपनीचं ॲप ती जोडणी सांभाळतं. जोडणी तुटली की ॲप फोन वाजवतं. पिशवी खरंच मागे राहिली की मध्ये काही आडवं आलं, याचा विचार ते करत नाही. म्हणून हा टॅग चटकन ओरडतो आणि उगाचही ओरडतो.

दुसरी तऱ्हा आयफोनबरोबर चालणाऱ्या एअरटॅगची, किंवा खोक्यावर `Works with Apple Find My` असं छापलेल्या टॅगची. इथे इशारा फोनच्या मूळ यंत्रणेतूनच येतो. 2021 च्या आयओएस 15 पासून ही सोय आहे. फोनमधल्या `Find My` ॲपमध्ये त्या वस्तूवर गेलं की `Notify When Left Behind` दिसतं. टॅग दिसेनासा झाला म्हणून हा फोन लगेच वाजत नाही. आपण त्या जागेवरून खरोखर पुढे निघालो आहोत हे दिसलं की मग सांगतो. ही तपासणी मी मुलाच्या जुन्या आयफोनवर केली. हा टॅग लावायलाच आयफोन किंवा आयपॅड लागतो, तेव्हा अँड्रॉइडवाल्याने तो घेऊ नये.

गूगलच्या जाळ्यावर चालणारे टॅगही मिळतात, पण 'मागे राहिलं' हा इशारा त्यात मिळेलच असं धरून चालू नका. टॅग बनवणाऱ्याच्या ॲपमध्ये तो आहे का, हे दुकानातच बघून घ्या. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट आहे. हरवलेली वस्तू नंतर सापडते ती आसपासच्या लोकांच्या फोनमुळे. गूगलच्या जाळ्यात फोनची मूळ सेटिंग वर्दळीच्या जागांपुरतीच मदत करणारी असते, आणि खेड्यात आयफोनही मोजकेच. वावराच्या धुऱ्यावर राहिलेली पिशवी दुसऱ्याच्या फोनच्या भरवशावर सापडणं कठीण. म्हणून आपल्याकडे नंतर शोधण्यापेक्षा निघतानाचा इशाराच जास्त उपयोगाचा. त्याला रेंज लागत नाही, आपला फोन आणि टॅग मिळूनच तो ठरवतात.

महिन्याची वही

शाखेत मी मुद्दाम पिशवी ठेवून जातो तेव्हाचे इशारे सोडले, तर पहिल्या चौदा दिवसांत चटकन ओरडणारा टॅग 26 वेळा वाजला. एकदाही पिशवी मागे राहिलेली नव्हती. 12 वेळा पिशवी गाडीच्या डिकीत होती आणि मी वर बसलेलो होतो. 7 वेळा फोन पँटच्या मागच्या खिशात आणि पिशवी पोटाशी होती. 5 वेळा पिशवी घरी लोखंडी कपाटात होती. दोनदा कारण कळलं नाही.

सावकाश सांगणारा त्याच दिवसांत 4 वेळा वाजला, चारही वेळा एकाच कारणाने. दुपारी शाखेत पिशवी काउंटरच्या आत ठेवून मी जिल्हा बँकेत जातो, तेव्हा.

मग मी मुद्दाम पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवून निघून बघितलं. पहिला टॅग दुकानापासून वीस-पंचवीस पावलांवर वाजला. दुसरा पायी चालताना दोन-तीन मिनिटांनी. गाडीवर त्याचा इशारा येईपर्यंत मी किलोमीटरभर पुढे गेलेलो असायचो. हिशेब सरळ आहे: ताशी तीसच्या वेगाने मिनिटाला अर्धा किलोमीटर. एसटीत बसला असाल तर अंतर आणखी वाढेल, आणि तिथे गाडी वळवणं आपल्या हातात नसतं.

उगाच वाजतो तेव्हा काय करायचं

ब्लूटूथच्या लहरी पाण्यात विरतात आणि माणसाचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच. फोन मागच्या खिशात आणि टॅग पुढे असेल तर मध्ये आख्खा माणूस उभा असतो. हेच कारण आहे का ते ओळखायला सोपं आहे: वाजल्यावर पिशवी तिथेच राहू द्या आणि फोन फक्त हातात घ्या. जोडणी लगेच परत आली तर दोष अंगाचा. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो, आणि टॅग पिशवीच्या तळातून, नाणी आणि मशीनखालून काढून बाहेरच्या कप्प्यात ठेवला. मागच्या खिशाचे सातही इशारे तिथेच संपले.

डिकीत लोखंड आणि अंग दोन्ही आडवं येतं. पिशवी पुढच्या हुकला अडकवायला लागलो. शिवाय माझ्या ॲपमध्ये इशारा किती उशिरा द्यायचा ते ठरवता येतं, तिथे 30 सेकंद ठेवले. क्षणभर तुटून परत जुळणाऱ्या जोडणीसाठी एवढं पुरतं. तुमच्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर तो टॅग घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. हे बदल केल्यावर पुढच्या चौदा दिवसांत 26 चे 5 झाले, आणि त्यातले 4 घरच्या कपाटाचे.

घर, शाखा अशा जागा इशाऱ्यातून वगळता येतात. आयफोनमध्ये ते त्याच `Notify When Left Behind` च्या पानावर करायचं. शाखा वगळल्यावर चारही खोटे इशारे गेले. पण इथे गावाकडे एक खोट आहे. वगळलेली जागा म्हणजे एक ठिपका नसतो, त्याच्याभोवती घेर असतो. शहरात त्या घेरात एखादी इमारत बसते. आमच्या गावात त्यात घर, समोरचं किराणा, पार आणि चक्कीसुद्धा येते. किराण्यावर पिशवी विसरलो तर फोन गप्पच राहणार. म्हणून मी घर वगळलेलंच नाही. कपाटाचा इशारा अधूनमधून येतो, येऊ दे. ज्यांचं घर वावरात, वस्तीपासून लांब आहे, त्यांनी खुशाल वगळावं. बाजार मात्र कोणीही वगळू नये.

वाजत नाही तेव्हा जास्त भीती

तिसऱ्या आठवड्यात स्वस्त टॅग तीन दिवस एकदाही वाजला नाही. मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं की कपाटाचा इशाराही आलेला नाही. फोनने बॅटरी वाचवायला ॲप मागच्या मागे बंद केलं होतं. ॲप उघडलं तर अर्ध्या दिवसापूर्वीची जोडणी तुटल्याचं त्याने तेव्हा सांगितलं. इशारा ॲप उघडल्यावरच येत असेल, तर खूण पक्की समजा.

अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन बॅटरीपुढे `Unrestricted` करायचं, ठिकाणाच्या परवानगीत `Allow all the time`, आणि `Nearby devices` ची परवानगी चालू. काही फोनमध्ये ॲप आपोआप सुरू होण्याची वेगळी परवानगी असते, तीही द्यावी लागते. फोनचं अपडेट झालं की हे सगळं पुन्हा बघायचं. आयफोनमध्ये एवढी कटकट नाही. `Find My` ला ठिकाणाची परवानगी आणि `Precise Location` चालू असलं की झालं.

टॅगमधला सेल दोन्हीकडे सहसा सीआर2032 असतो. तो उतरला की जोडणी वारंवार तुटते, म्हणजे सेल संपायच्या आधी खोटे इशारे वाढतात. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप असतो, आणि एअरटॅगमध्ये असे काही सेल नीट लागत नाहीत. एअरटॅगची सोसायची मर्यादा 60 अंशांपर्यंत आहे. आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो दिवसभर ठेवू नये.

कोणी कोणता घ्यावा

इशारा उशिरा आला तर त्या दोन मिनिटांत वस्तूचं काय होईल, एवढंच मी बघतो. कीटकनाशकाचा पंप ठेवलेल्या कोठडीची किल्ली, मुलाचं दप्तर, शेजाऱ्याकडे राहिलेली छत्री यांना दोन मिनिटांनी काही होत नाही. अशा वस्तूला सावकाश सांगणारा टॅग बरा, आयफोन असेल तर. तो क्वचित वाजतो, म्हणून वाजला की माणूस बघतो.

रोकड असलेली पिशवी, एसटीत शेजारच्या सीटवर ठेवलेली बॅग, बाजारात हातातून खाली टेकवलेलं काहीही, यांना चटकन ओरडणारा हवा. पण तो घेतलात तर पहिले पंधरा दिवस वही ठेवा. कधी, कुठे, फोन कोणत्या खिशात, एवढं लिहा. कारणं दोन-तीनच निघतात आणि ती मोडता येतात. दिवसाला एखाद्या खोट्या इशाऱ्यापर्यंत आणता आलं नाही, तर टॅग परत करा. तसा तो रोज ओरडत राहिला तर ऐन वेळी आपण त्याला न बघता गप्प करतो, मी केला तसा.

माझ्या पिशवीत आता फक्त चटकन ओरडणाराच आहे, बाहेरच्या कप्प्यात. दर मंगळवारी बाजारात शिरण्याआधी ओळखीच्या चहाच्या टपरीवर पिशवी ठेवून पन्नास पावलं चालून बघतो. वाजला की परत येऊन पिशवी खांद्याला लावतो. फोन वाजला की तो खिशातून बाहेर काढतो, आधी पिशवीला हात लावतो आणि मगच बटण दाबतो.