निधनवार्ता द्यावी की जाहिरात?

घरातले माणूस गेल्यावर ते वर्तमानपत्रातून कळवायचे दोन मार्ग आहेत. बातमीदाराकडे मजकूर देऊन ‘निधन’ सदरात फुकट छापून आणायचा, नाहीतर जागेचे पैसे मोजून जाहिरात द्यायची. फोंड्याला काकू गेली तेव्हा आम्ही दोन्ही केले.

निधनवार्ता मला तशी आवडते. मोजक्या ओळी, डामडौल नाही, आणि गावातल्या जाणत्या मंडळींची नजर आधी त्या सदरावरच जाते. पण ती बातमी, म्हणजे कात्री उपसंपादकाच्या हातात. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल. सासरची लक्ष्मी पेडण्याला माहेरी शेवंताच राहिली होती. जागा कमी पडली म्हणून बातमीत ‘लक्ष्मी’ एवढेच उरले आणि माहेरचे भाऊ गळले. तिच्या लहानपणीच्या मैत्रिणीने बातमी वाचली, पण गेली कोण हे तिला समजलेच नाही. शिवाय बातमी शुक्रवारी आली, अंत्यसंस्कार झाल्यावर.

जाहिरात गुरुवारी सकाळी आली, लिहून दिली तशीच:

‘कै. सदानंद यांच्या पत्नी श्रीमती लक्ष्मी (माहेरचे नाव शेवंता), वय 78, यांचे बुधवार, दि. 5 मार्च 2025 रोजी रात्री 1.30 वाजता वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्ययात्रा गुरुवार, दि. 6 मार्च रोजी सकाळी 11 वाजता फोंडा येथील राहत्या घरून निघेल. बारावे शनिवार, दि. 15 मार्च रोजी होईल. त्यांच्या पश्चात दोन मुलगे, सुना, विवाहित मुलगी, जावई, नातवंडे व पेडणे येथील दोन भाऊ असा परिवार आहे.’

त्यातल्या तारखांवर घरात बराच काथ्याकूट झाला. सगळ्यांच्या तोंडी ‘मंगळवारी रात्री’. पण मध्यरात्र उलटलेली, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर 5 तारीखच येणार. भटजींनी मात्र सूर्योदय झाला नव्हता म्हणून मंगळवार धरला, आणि बारावा दिवस शनिवारी आला. 5 तारखेपासून मोजणारा रविवारी दारात उभा राहिला असता. म्हणून बाराव्याची तारीख वाचणाऱ्यावर सोडू नये, छापावी. ‘आज’, ‘उद्या’ही नको, मजकूर बुधवारी लिहिला तरी वाचला जातो गुरुवारी.

जाहिरातीचा खर्च थोडाथोडका नसतो, शिवाय डॉक्टरांचा दाखला आणि देणाऱ्याचे ओळखपत्र सहसा मागतात. सगळे नातेवाईक एकाच गावात असतील आणि अंत्यसंस्कार उरकले असतील, तर बातमीवर भागावे. पण बाईमाणसाची नोटीस असेल, तर माझ्या मते फोटो लहान करा, ‘शोकाकुल’खालची नावांची रांग आखडती घ्या, पण जाहिरातच द्या. मजकूर फोनवर सांगू नका, लिहून द्या, आणि छपाईआधी प्रूफ माहेरच्या एकाला तरी वाचायला पाठवा.