मृत्युपत्र घरी लिहून ठेवावं की नोंदवावं?

मृत्युपत्र साध्या कागदावर लिहून कपाटात ठेवलं तरी चालतं, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं तरी चालतं. कायद्याने दोन्ही सारखीच वैध आहेत. स्टॅम्प पेपर कशालाच लागत नाही. लिहिणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र दोन्हीकडे हव्यात. फरक कळतो तो माणूस गेल्यावर, घरातलं कुणी कोर्टात गेलं की.

समजा, सोलापुरात साखर पेठेतले पंचाहत्तरीचे एक गृहस्थ आहेत. हयात यंत्रमागावर गेली, घर स्वतःच्या कमाईचं, पत्नी आता नाही. थोरला पुण्याला, मुलगी बार्शीला दिलेली, धाकटा आणि त्याची बायको या गृहस्थांना सांभाळतात. त्यांना घर धाकट्याला द्यायचंय आणि बँकेतली ठेव तिघांत सारखी वाटायची आहे.

घरी लिहिलं तर खर्च नाही, गाजावाजा नाही, मन बदललं की नवं लिहिता येतं. पण कागद राहणार धाकट्याच्याच घरात. उद्या थोरला म्हणाला, "ही सही बाबांची नाहीच," तर सगळी मदार साक्षीदारांवर. नोंदणीत गृहस्थ स्वतः अधिकाऱ्यासमोर कबुली देतात, फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो. मूळ कागद हरवला तरी कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते, आणि ते हयात असेपर्यंत ती त्यांच्याशिवाय किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाशिवाय कुणाला मिळत नाही. सही खोटी असल्याचा आरोप मग फारसा टिकत नाही. ते अंथरुणाला खिळले असतील, तर अर्ज करून अधिकाऱ्याला घरी बोलावण्याची सोयही कायद्यात आहे.

तरीही आपल्याकडे नोंदणीच्या शिक्क्यावर जरा जास्तच भरवसा ठेवतात. घर खरंच कुणाचं, हे तो अधिकारी तपासत नाही. सुप्रीम कोर्टाने १९५९ च्या वेंकटचला अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय की, मृत्युपत्राभोवती संशय असेल तर तो दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्याची. शिक्का असला तरी ही जबाबदारी सुटत नाही. इथे संशय कसा तयार होतो बघा: रिक्षा धाकट्याने आणली, वकील त्याच्या ओळखीचा, साक्षीदार त्याचे दोन मित्र, आणि कागदात मुलीचं नावसुद्धा नाही. बाबा आयुष्यभर सही करत आले आणि मृत्युपत्रावर मात्र अंगठा! भांडणाला एवढं पुरतं.

म्हणून खरी मेहनत साक्षीदारांवर घ्यावी. गृहस्थांपेक्षा वयाने लहान, सोलापुरातच राहणारे, त्यांना ओळखणारे, पण वाटणीत काही न मिळणारे असे दोघे निवडा. धाकट्याचा सासरा नको. दोघांनीही गृहस्थांना सही करताना पाहावं आणि त्यांच्या समोरच आपली सही करावी. पुढे कोर्टात निदान एका साक्षीदाराला नेमकं हेच सांगावं लागतं. "कागद माझ्या घरी आणून दिला, मी सही केली," असं तो बोलला की प्रकरण तिथेच ढासळतं. नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशीचा, मानसिक स्थिती चांगली असल्याचा दाखला घेतलेला बरा.

सोलापूरची म्हणून एक अडचण आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि मृत्युपत्र मराठीत, असं इथे सर्रास होतं. "बाबांना यातलं कळलंच नव्हतं," हा मुद्दा मग आयता मिळतो. मजकूर त्यांच्या भाषेत वाचून समजावला, आणि कुणी समजावला, हे शेवटी लिहून समजावणाऱ्याची सही घ्या.

मजकूर साधाच असावा. घराचा सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा, ठेवीची बँक आणि शाखा, उरलंसुरलं कुणाला, आणि थोरल्याला व मुलीला घरात वाटा का नाही याचं एक-दोन ओळींत कारण, तेही कुणाचा अपमान न करता. घर वडिलोपार्जित असेल तर गृहस्थांना फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं, आणि २००५ पासून मुलीचाही त्यात बरोबरीचा हक्क आहे. (मुस्लिम कुटुंबात वेगळे नियम आहेत. तिथे सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही.)

व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमला नाही म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. धाकट्यालाच नेमलं तरी कायद्याची हरकत नाही. पण ठेव तिघांत वाटायची असताना हिशेब त्याच्या हाती देणं मला पटत नाही. तिघांनाही चालेल असा भाचा किंवा जुना शेजारी नेमावा, आणि तो आधी गेला तर दुसरा कोण, तेही लिहावं. ठेवीवर धाकट्याचं नॉमिनेशन असेल तर बँक पैसे त्याच्या हाती देईल, पण तेवढ्याने तो मालक ठरत नाही.

वाटणी सगळ्यांना सारखी आणि घरात कुरबूर नसेल, तर घरी लिहिलेलं पुरे. या गृहस्थांसारखी कमी-जास्त वाटणी असेल तर मी नोंदवाच म्हणेन. मात्र नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रही आधीच्या नोंदलेल्याला रद्द करू शकतं. त्यामुळे मन बदललं तर नवंही नोंदवावं आणि त्यात जुन्याची तारीख व दस्त क्रमांक घालून ते रद्द केल्याचं स्पष्ट लिहावं.