शंका कुठे अडली: समूहविचार की नोकरशाहीचं राजकारण?

संकटाच्या काळात एखाद्या सरकारने घेतलेला परराष्ट्र धोरणाचा निर्णय साफ फसतो, आणि तो का फसला हे तुम्हाला लिहायचं असतं. अशा वेळी दोन चौकटी हाताशी येतात. पहिली मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी 1972 मध्ये मांडलेली ‘ग्रुपथिंक’ची, म्हणजे समूहविचाराची. एकमेकांना धरून असलेला छोटा गट एकमत टिकवण्यासाठी स्वतःच्याच शंका गिळतो, असं ती सांगते. दुसरी नोकरशाहीच्या राजकारणाची. तिला ठोस रूप दिलं ते ग्रॅहॅम अ‍ॅलिसन यांनी, 1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटाच्या अभ्यासातून. तिच्या मते निर्णय म्हणजे खात्याखात्यांतल्या ओढाताणीतून उरलेलं फलित. माणूस ज्या खुर्चीत बसतो तिथून त्याला प्रश्न दिसतो, आणि तो त्या खुर्चीच्या हितासाठी झुंजतो.

दोन्ही थोड्या थोड्या वापरून मोकळं व्हायचा मोह मोठा असतो. तो टाळा, कारण दोघींचे दावे एकमेकींच्या विरोधात जातात. पहिली म्हणते, मतभेद हवे तेवढे झाले नाहीत. दुसरी म्हणते, मतभेद होतेच, फक्त ते डावपेचांच्या रूपात चालले. निवड करताना मी एक प्रश्न आधी विचारतो: योजनेबद्दलची शंका कुठे अडली? बैठकीच्या खोलीत, की खोलीपर्यंत पोचण्याआधीच?

हा प्रश्न तपासायला एप्रिल 1961 मधली ‘बे ऑफ पिग्ज’ची मोहीम घेऊ. जॅनिस यांचं हे सर्वांत गाजलेलं उदाहरण, म्हणजे समूहविचाराच्या घरचं मैदान. तिथे ती चौकट किती टिकते हे पाहिलं की तिची खरी ताकद कळते.

सीआयएने क्यूबातून परागंदा झालेल्या सुमारे 1400 जणांना प्रशिक्षण देऊन क्यूबाचे सत्ताधीश फिडेल कॅस्ट्रो यांच्याविरुद्ध उतरवायचं ठरवलं होतं. या कामाला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मार्च 1960 मध्येच मंजुरी दिली होती. जॉन केनेडी यांनी जानेवारी 1961 मध्ये सूत्रं हाती घेतली तेव्हा योजना बरीच पुढे गेलेली होती. मूळ बेत त्रिनिदाद या गावाजवळ उतरण्याचा होता. मार्चमध्ये केनेडींनी तो फार गाजावाजाचा म्हणून नाकारला. अमेरिकेचा हात दिसणार नाही असं काहीतरी त्यांना हवं होतं. योजनेचे सूत्रधार रिचर्ड बिसेल यांनी काही दिवसांतच नवी जागा पुढे केली, ती म्हणजे झापाताच्या दलदलीतला बे ऑफ पिग्ज.

इथे योजनेचं रूपच बदललं. त्रिनिदादजवळ एस्काम्ब्राय डोंगर होते. किनाऱ्यावर टिकाव लागला नाही तर डोंगरात शिरून गनिमी लढाई करायची, हा मार्ग तिथे खुला होता. नव्या जागेपासून ते डोंगर सुमारे 80 मैलांवर, आणि मध्ये दलदल. तरीही फसलंच तर माणसं डोंगरात निघून जातील, ही समजूत व्हाइट हाउसमध्ये तशीच राहिली. 17 एप्रिलला लोक उतरले आणि तीन दिवसांत सगळं संपलं. शंभराहून अधिक जण मेले, 1100 हून अधिक कैद झाले.

आता समूहविचाराची बाजू. तिच्याजवळ सबळ पुरावा आहे. केनेडींचे सहायक आर्थर श्लेझिंजर यांचा योजनेला विरोध होता आणि तो त्यांनी निर्णयाआधी राष्ट्राध्यक्षांना लेखी कळवलाही होता. पण 4 एप्रिलच्या मोठ्या बैठकीत सिनेटर फुलब्राइट यांनी योजनेवर उघड टीका केली तेव्हा श्लेझिंजर गप्प राहिले. पुढे राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचं मन ठरलंय, आता विषय ताणू नका. अशा माणसाला जॅनिस मनाचा पहारेकरी म्हणतात. नेत्यापर्यंत नकोसं मत पोचू न देण्याचं काम तो स्वतःहून अंगावर घेतो. आणि 80 मैलांच्या अंतराचं काय? ते गुपित नव्हतं, कुठल्याही नकाशावर दिसत होतं. खोलीत इतकी हुशार माणसं बसलेली असताना नकाशा उघडून तो प्रश्न कोणी लावून धरला नाही. याचं उत्तर खात्यांच्या भांडणातून मिळत नाही. इथे समूहविचारच कामाचा.

मात्र त्याच खोलीच्या बाहेर पाहिलं की चित्र पालटतं. सीआयएमध्येच मोहिमेची रोजची जबाबदारी जेकब एस्टरलाइन आणि मरीन दलाचे कर्नल जॅक हॉकिन्स यांच्यावर होती. उतरण्याच्या जेमतेम दीड आठवडा आधी ते बिसेल यांच्या घरी गेले आणि ही योजना फसणार, आम्हाला मोकळं करा, असं म्हणाले. बिसेल यांनी त्यांची समजूत घालून थांबवलं. त्यांचा धोक्याचा इशारा राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला नाही. सीआयएचा विश्लेषण विभागही मोहिमेपासून दूर ठेवला होता, त्यामुळे योजना यशस्वी होईल का याचा अंदाज ती राबवणारेच देत होते. परराष्ट्र खात्यात उपमंत्री चेस्टर बोल्स यांनी विरोधाचं टिपण मंत्री डीन रस्क यांना दिलं. ते रस्क यांच्यापाशीच थांबलं. सेनादलप्रमुखांनी मूळ योजनेला बऱ्यापैकी संधी आहे असं लिहिलं होतं. ते मूल्यमापन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात याचा अर्थ सुमारे 30 टक्के होता. हा आकडा कागदावर आलाच नाही, आणि वाचणाऱ्यांनी तो शेरा अनुकूल धरला.

यातली एकही गोष्ट गटाच्या आपुलकीतून आलेली नाही. सेनादलप्रमुखांच्या दृष्टीने ही दुसऱ्या खात्याची मोहीम होती, मग तिला आडवं जाण्याची किंमत आपण का मोजावी? बिसेल यांच्यासाठी ती हातची मोठी कामगिरी होती. सीआयएचे संचालक अ‍ॅलन डलेस यांनी तर केनेडींना अडचणीत टाकणारा मुद्दा मांडला: मोहीम रद्द केली तर प्रशिक्षण दिलेल्या या माणसांचं काय करायचं? ते सगळीकडे बोलत सुटतील. त्यात सल्ला कमी आणि सौदा जास्त होता.

सर्वांत बोलका पुरावा डलेस यांच्या खासगी टिपणांत आहे. ती 1984 मध्ये अभ्यासकांसमोर आली. त्यांनी लिहून ठेवलं होतं की प्रत्यक्ष संकट उभं राहिलं की यशासाठी लागेल ती परवानगी राष्ट्राध्यक्ष देतील, मोहीम बुडू देणार नाहीत, असा आमचा होरा होता. केनेडी तर अमेरिकी सैन्य उतरवणार नाही असं वारंवार बजावत होते. म्हणजे खोलीत एकमत नव्हतंच. एका बाजूने मनात अट धरली होती, दुसऱ्या बाजूने वेगळाच डाव, आणि दोघंही मान हलवत होते. बाहेरून हे एकमतासारखंच दिसतं, म्हणून निव्वळ शांततेवरून समूहविचार सिद्ध होत नाही.

जॅनिस यांच्या चौकटीची आणखी एक अट इथे लंगडते. गट घट्ट बांधलेला असावा लागतो. केनेडींचे लोक सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि डलेस व बिसेल आधीच्या सरकारच्या काळापासून तिथे होते. नव्याने जमलेली माणसं जुन्या तज्ज्ञांसमोर बिचकणं वेगळं आणि एकजिनसी गटाने शंका गिळणं वेगळं.

म्हणून माझा कौल असा. या प्रकरणात आधी नोकरशाहीच्या राजकारणाची चौकट लावा. योजना अशी का घडली आणि धोक्याचे इशारे वर का पोचले नाहीत, हे तिने उलगडतं. ती जिथे थकते तेवढ्याच जागी, म्हणजे नकाशाच्या प्रश्नापाशी आणि श्लेझिंजर यांच्या मौनापाशी, समूहविचार आणा.

दुसरी चौकटही निर्दोष नाही. खुर्चीवरून भूमिका ठरते, हा नियम कधी कधी सपशेल हरतो. ऑक्टोबर 1962 च्या क्षेपणास्त्र संकटात संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी हवाई हल्ल्याऐवजी नाकेबंदीची बाजू घेतली आणि त्यांच्याच खात्यातले हवाईदलप्रमुख कर्टिस लमे हल्ल्यासाठी अडून बसले. उलट एप्रिल 1980 मध्ये इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेच्या मोहिमेवर वाद झाला तेव्हा नियम बराच लागू पडला. परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स सुट्टीवर असताना 11 एप्रिलला निर्णय झाला. परतल्यावर त्यांनी ठाम विरोध नोंदवला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो ऐकून घेतला, निर्णय बदलला नाही आणि व्हॅन्स यांनी राजीनामा दिला. इतका उघड विरोध नोंदलेला असताना तिथे समूहविचाराला पहिला मान देणं मला पटत नाही.

दोन्ही चौकटींना एक तिसरा स्पर्धकही आहे, तो म्हणजे खुद्द नेता. आपला हात दिसू नये हा केनेडींचाच आग्रह होता आणि जागा त्यापायीच बदलली. 16 एप्रिलच्या रात्री कॅस्ट्रोंच्या हवाईदलावर ठरलेला दुसरा हवाई हल्लाही त्यांनीच रद्द केला. रस्क यांनी सीआयएच्या अधिकाऱ्यांना राष्ट्राध्यक्षांशी फोनवर थेट बोलण्याची संधी दिली होती, ती त्यांनी घेतली नाही. तुमच्या प्रकरणात सल्लागार बदलूनही नेत्याने तेच केलं असतं असं दिसत असेल, तर या दोन्ही चौकटी दुय्यम ठरतात.

उपाय सुचवायचा असेल तर ही निवड आणखी महत्त्वाची होते. आजार समूहविचाराचा असेल तर एकाला मुद्दाम विरोधकाची भूमिका द्यावी आणि नेत्याने काही बैठकांना गैरहजर राहावं. 1962 मध्ये केनेडींनी काही बैठका आपल्याविना होऊ दिल्या. पण 1961 च्या खोलीत असा विरोधक बसवला असता तरी त्याच्या हाती बिसेल यांनी दिलेलीच माहिती असती. तिथे गरज होती ती योजना राबवणारे आणि तिचं मूल्यमापन करणारे वेगळे ठेवण्याची.

शेवटी कागदपत्रांचा प्रश्न. समूहविचार म्हणायचा तर निर्णयाच्या आधीच्या तारखेची खासगी शंका आणि बैठकीतलं मौन, दोन्ही एकाच माणसाकडे सापडायला हवीत. श्लेझिंजर यांच्याबाबत ती सापडतात. अपयशानंतर लिहिलेल्या आठवणींवर विसंबू नका, तोवर प्रत्येकालाच आधीपासून शंका असते. जॅनिस यांनी लिहिलं तेव्हा व्हाइट हाउसमधल्या माणसांच्या आठवणी छापून आलेल्या होत्या, पण सीआयएच्या महानिरीक्षकांचा चौकशी अहवाल 1998 पर्यंत खुला झाला नाही. खोलीतल्या माणसांनी लिहिलेलं वाचलं की खोलीच दिसते. तुमच्याजवळ फक्त आठवणी असतील तर नोकरशाहीच्या राजकारणाला पुरावा नाही असं लिहू नका. तो अजून बंद कपाटात असू शकतो, आणि निष्कर्षात तेवढी जागा मोकळी ठेवा.