'झिरो बॅकलॅश' म्हणून गळ्यात मारलेला स्क्रू

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅक्रिलिक कापायचा राउटर आहे. त्याचा एक मीटरचा एक्स अक्ष जीटी-२ बेल्टवर चालायचा. कापलेली वर्तुळं एका बाजूला चपटी निघू लागली. विक्रेत्याने मशीनला हातही न लावता निदान केलं, "बेल्ट ताणतोय, स्क्रू टाका. दोन एमएम लीड, झिरो बॅकलॅश." म्हणजे ढिलाई शून्य, असा दावा. साडेचार हजार गेले. दोष तसाच राहिला, वर वेगही गेला.

खरं कारण दोन मिनिटांत कळलं असतं. मोटर चालू ठेवून, म्हणजे जागेवर पकडलेली असताना, कॅरेजला डायल गेज लावायचा आणि हाताने पुढे-मागे ढकलायचं. ढकलताना हलून हात सोडताच काटा परत आला, तर बेल्ट ताणतोय. कॅरेज थोडं मोकळं सरकून तिथेच थांबलं, तर कुठेतरी ढिलाई आहे. इथे ढिलाईच होती: पुलीचा ग्रब स्क्रू मोटर शाफ्टच्या सपाट भागावर बसलेला नव्हता. तो नीट बसवून थ्रेडलॉकरचा थेंब टाकला असता तर काम झालं असतं. बेल्ट खरंच ताणत असता, तर ६ ऐवजी १० मिमी रुंद बेल्ट आणि तशाच पुल्या घ्यायच्या. रुंदी वाढली की त्याच प्रमाणात बेल्टचं ताणणं कमी होतं. नुसता जास्त खेचून बसवला तर मोटरच्या बेअरिंगची वाट लागते.

आता स्क्रू. ८ मिमी जाडीच्या टी-८ मध्ये पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, २ मिमीच असतो, पण नेहमी मिळणाऱ्या प्रकारात चार आटे, म्हणजे चार स्टार्ट, शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे एका फेरीत नट ८ मिमी पुढे जातो, हाच लीड. पिच सांगून लीड म्हणून विकणं हीच ती चलाखी. १/१६ मायक्रोस्टेपिंगवर २०० स्टेपच्या मोटरला लीड २ धरून 1600 स्टेप्स/मिमी भरले, आणि १० मिमीच्या कमांडला कॅरेज ४० मिमी पळालं. जीआरबीएलमध्ये एक्स अक्षाच्या स्टेप्स/मिमीचा बरोबर आकडा असा:

```
$100=400
```

दुकानातच नट स्क्रूवर चढवा, मार्करने खूण करा, एक फेरी फिरवून व्हर्नियरने मोजा. टोकाकडून पाहिलं तर आट्यांची चार तोंडंही दिसतात.

'झिरो बॅकलॅश' नटमध्ये दोन अर्ध्यांमध्ये स्प्रिंग असते. कापण्याचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की ती दबते आणि ढिलाई परत येते. पॉलिश केलेल्या नमुन्यावर, बिनलोडचा डेमो मात्र झकास दिसतो. शिवाय मीटरभर लांब ८ मिमीचा स्क्रू दोन्ही टोकांना बेअरिंग असूनही साधारण ५०० आरपीएमपासून चाबकासारखा हलू लागतो, म्हणजे लीड ८ असला तरी सेकंदाला ६५ मिमीच्या आसपास मर्यादा आली. बेल्टवर हा प्रश्नच नव्हता. ३०० मिमीच्या आखूड किंवा जड झेड अक्षाला स्क्रू शोभतो, तिथेही कमी लीडचा, कारण ८ लीडवर वीज गेली की जड स्पिंडल आपोआप खाली घसरू शकतं.

बिलावर 'लीड' आणि 'स्टार्ट' हे दोन्ही आकडे लिहून घ्या. त्या वर्कशॉपच्या बिलावर फक्त 'टी-८ सेट' एवढंच होतं, त्यामुळे माल परत घ्यायला विक्रेत्याने सरळ नकार दिला.