कावीळ 'ए' की 'ई': आयजीएम कसं वाचायचं

कोपरखैरण्यातल्या 15 वर्षांच्या मुलीचं उदाहरण घ्या. डोळे पिवळे होऊन चार दिवस झालेत. रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस 'ए'चं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. 'ई'चं आयजीएम पॉझिटिव्ह. आयजीएम ही ताज्या संसर्गात तयार होणारी अँटिबॉडी, तर आयजीजी ही नंतरही टिकून राहणारी. इथे 'ए' धरणं चूक. ते आयजीजी जुन्या संसर्गाचं किंवा लसीचं असतं. आताची कावीळ बहुधा 'ई'ची.

'ए'चं आयजीएम लक्षणं दिसेपर्यंत जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह होतं, त्यामुळे ते निगेटिव्ह आलं तर विश्वास ठेवता येतो. 'ई'चं तसं नाही, किटनुसार निकाल बदलतो. संशय उरला तर विषाणूचा आरएनए थेट शोधणारी पीसीआर चाचणी करावी. दोन्ही आयजीएम पॉझिटिव्ह असतील, तर एक काही महिन्यांपूर्वीच्या संसर्गाचं उरलेलं असू शकतं.

मुलगी बरळू लागली किंवा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर 1.5च्या वर गेला, तर 'ए' की 'ई' हे ठरण्याची वाट न बघता लगेच दाखल करा.