जुन्या चेहऱ्याची गाडी सवलतीत घेतली: 14 महिन्यांनंतरचा हिशेब

डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात वर्धा रोडवरून मी छोटी पेट्रोल एसयूव्ही घेतली. महिनाभरात तिचा नव्या चेहऱ्याचा अवतार, म्हणजे फेसलिफ्ट, येणार हे मला ठाऊक होतं. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हिशेब बहुतेक गाड्यांना असाच लागतो.

शोरूमवाल्याने 65,000 ची सूट सांगितली. त्यात 40,000 रोख, 20,000 एक्स्चेंज बोनस आणि 5,000 च्या ॲक्सेसरीज. माझ्या जुन्या गाडीला मात्र त्याने बाहेरच्या भावापेक्षा 22,000 कमी धरले, म्हणजे बोनस हवेतच. खरी सूट 40,000 ची.

खरी बचत दुसरीकडे झाली. माझ्या व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत 9.85 लाख होती, फेसलिफ्टमध्ये ती 10.07 लाख झाली. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स, त्यावर गेलं की 20 लाखांपर्यंत 12 टक्के, तोही पूर्ण किमतीवर. फरक 22,000 चा दिसतो, पण टॅक्स धरून साडेचौतीस हजार होतो. म्हणजे माझे एकूण साडेचौऱ्याहत्तर हजार वाचले.

आता चूक सांगतो. गाडी कधी बनली हे मी बुकिंगच्या वेळी विचारलं नाही. घरी आल्यावर टायरवर 0723 दिसलं, म्हणजे 2023 चा सातवा आठवडा. आरसीवर मार्च 2023. नऊ महिने, त्यातला अख्खा उन्हाळा, गाडी यार्डात उभी होती. आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे! पहिल्याच महिन्यात वायपर कडक होऊन काचेवर करकरायला लागले. अकराव्या महिन्यात बॅटरी बसली. वॉरंटीवरून बरीच घासाघीस झाली, शेवटी 6,000 खिशातून गेले.

गेल्या महिन्यात सहज म्हणून जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे किंमत काढली. त्याचा पहिला प्रश्न, "भाऊ, गाडी कोणत्या महिन्याची हाय?" रजिस्ट्रेशन त्याने पाहिलंच नाही. माझ्या गाडीला 7.10 लाख म्हणाला. तेवढ्याच चाललेल्या फेसलिफ्टला 7.75. म्हणजे आज विकली तर बॅटरी वजा जाता जे साडेअडुसष्ट हजार वाचले, त्यातले 65,000 परत गेले.

मी गाडी आठ-नऊ वर्षं वापरतो. तोवर हा फरक बराच बुजतो, म्हणून पैशांची खंत नाही. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने मात्र थांबावं, नाहीतर ताज्या महिन्याची गाडी मागावी. गाडी कधी बनली ते चेसिस नंबरावरून काढता येतं, म्हणून तो हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये. डिलिव्हरीआधी स्वतः यार्डात जाऊन चारही टायरचे आकडे वाचावेत, बॅटरीवरची तारीख पाहावी. शोरूमवाला टाळाटाळ करू लागला की समजायचं, गाडी पडून आहे.

इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन दोन्हींत तेच. मोठी स्क्रीन आणि नवे दिवे नाहीत याचं मला काही वाटत नाही. पण फेसलिफ्टमध्ये माझ्याच व्हेरियंटला सहा एअरबॅग आल्या, माझ्या गाडीत दोनच. समृद्धीवरून शिर्डीला जाताना मागे दोन्ही पोरं झोपलेली असतात, तेव्हा हे हटकून आठवतं. एवढ्यासाठी मी महिनाभर थांबायला हवं होतं.